मित्र सगळ्यांसमोर माझीच खेचतो. मैत्री न तोडता त्याला कसं सांगू?

प्रश्न: आम्ही पाच जण इंजिनिअरिंगच्या होस्टेलपासूनचे मित्र, आता सगळे पुण्यात. त्यातला एक कायम माझीच खेचतो. 2021 मध्ये मी कॅफे काढला होता, तो दहा महिन्यांत बंद पडला आणि सहा लाख बुडाले. तेव्हापासून त्याच्या तोंडी माझं नाव ‘उद्योगपती’. गेल्या महिन्यात त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला माझी बायको आणि मेहुणा समोर असताना म्हणाला, “आहेराची पाकिटं याच्याकडे नका देऊ सांभाळायला, दहा महिन्यांत बुडवेल.” सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना बायकोने विचारलं, “तू काही बोलत का नाहीस?” पण हाच मित्र वडिलांच्या ॲडमिशनच्या वेळी तीन रात्री माझ्याबरोबर दवाखान्यात बसला होता. मला तो गमवायचा नाही. काय करू?

उत्तर: तुम्ही लिहिलेल्या सगळ्या मजकुरात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते दोन शब्द म्हणजे ‘मीही हसलो’. मी बावीस वर्षं समुपदेशन करते आहे. मित्राच्या चेष्टेने दुखावलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या गोष्टीत हे हसणं असतंच. ते हसणं चूक होतं असं मी म्हणत नाही. चारचौघांत, मेहुण्यासमोर, मित्राच्या लेकीच्या वाढदिवसाला आणखी काय करणार होतात? पण त्या हसण्यातून तुमच्या मित्राला गेली तीन-चार वर्षं एकच निरोप मिळतोय, की हा विषय चालतो, आणि चांगला चालतो.

जस्टिन क्रूगर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर 2006 मध्ये चिडवण्यावरचं एक संशोधन प्रसिद्ध केलं होतं. एकाच चेष्टेकडे चिडवणारा आणि चिडवला जाणारा कसं बघतात, हे त्यांनी तपासलं. चिडवणाऱ्याला आपली चेष्टा जितकी निरुपद्रवी वाटते तितकी ती समोरच्याला वाटत नाही. त्याचं एक साधं कारण असं की चिडवणाऱ्याला आपला हेतू आतून माहीत असतो. आपल्या मनात वाईट काही नाही हे त्याला ठाऊक असतं आणि तो धरून चालतो की ते समोरच्यालाही दिसतंय. समोरच्याला दिसतात फक्त शब्द आणि हसणारे चेहरे. म्हणून तुम्ही बोलायला जाल तेव्हा ‘त्याने मुद्दाम अपमान केला’ हे धरून जाऊ नका. कदाचित मुद्दाम असेलही, पण तुम्हाला ते माहीत नाही. जे माहीत आहे तेवढंच घेऊन जा: तो काय बोलला, कोणासमोर बोलला आणि तुम्हाला कसं लागलं.

बोलायच्या आधी घरी पंधरा-वीस मिनिटांचं एक काम करा. त्याने तुमची खेचलेले अलीकडचे पाच-सहा प्रसंग कागदावर लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: विषय काय होता, तिथे कोण होतं, आणि रात्री झोपताना ते परत आठवलं का. हा तिसरा रकाना सगळ्यात कामाचा. तुमच्या गाडी चालवण्यावरून, पोटावरून, पहिल्या सेमिस्टरच्या मॅथ्सच्या केटीवरून तो बोलला असेल आणि तुम्ही ते तिथेच विसरला असाल. ती तुमच्या मैत्रीतली नेहमीची खेचाखेची, तिला हात लावू नका. रात्री परत आठवलेले प्रसंग वेगळे काढलेत की बहुधा त्यांतून एकच विषय वर येतो. माझा अंदाज असा की तुमच्या बाबतीत तो विषय आहे बुडालेले सहा लाख, आणि त्यातही बायको किंवा तिच्या माहेरची माणसं समोर असताना.

हे वेगळं काढणं एवढ्यासाठी, की मित्राला ‘माझी चेष्टा करू नकोस’ असं सांगितलं तर त्याला काय करायचं तेच कळत नाही. तुमच्याशी कसं बोलायचं हेच तो विसरतो, गप्प बसायला लागतो, आणि महिन्याभरात तुम्हालाच ‘पहिल्यासारखं राहिलं नाही’ असं वाटायला लागतं. चेष्टा ही त्याची प्रेम दाखवायची भाषाही असेल, कित्येक पुरुषांची तेवढी एकच असते. ‘कॅफेचा विषय काढू नकोस’ ही मागणी मात्र त्याला पाळता येते. पाळली की नाही हे तुम्हालाही कळतं.

आपल्याकडे चेष्टेला रीतसर परवानगी देणाऱ्या जागा होत्याच. शिमग्यात कोकणात एकमेकांच्या नावाने बोंब मारतात, लग्नात विहिणीची थट्टा गाण्यातून होते, दीर-भावजयीची मस्करी चालते. पण त्या प्रत्येकीला कुंपण असतं: शिमगा ठरावीक दिवसांपुरता, विहिणीची गाणी त्या मांडवापुरती. कोणी कोणाची, कधी, किती करायची हे ठरलेलं असल्यामुळे ज्याची चेष्टा होई तोही दुसऱ्या दिवशी मोकळा असे. तुमच्या ‘उद्योगपती’ला असं कुंपण नाही. तुम्ही मित्राकडे मागायचं आहे ते तेवढंच कुंपण.

आता बोलायचं कधी आणि कुठे. पुढच्या भेटीत सगळ्यांसमोर तर नकोच. चारचौघांत अडवलंत तर त्याला दोनच वाटा उरतात, एकतर सगळ्यांसमोर माफी मागायची नाहीतर आणखी मोठा विनोद करून सुटायचं. आणि ज्याला टाळ्या घ्यायची सवय आहे तो दुसरी वाट धरतो. दारूच्या बैठकीतही नको, कारण तिथे झालेलं बोलणं सकाळी ‘काल जास्त झाली होती’ या सदरात जातं.

व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी मैत्रिणीला रात्री साडेअकराला चांगला विचार करून एक लांबलचक मेसेज पाठवला. भाषा सौम्य होती, मुद्दाही बरोबर होता. मैत्रिणीने तो वाचला, घाबरली, आणि ‘हिला काय झालंय?’ असं विचारायला त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपमधल्या दोघींना पाठवला. सकाळपर्यंत तो दोघींचा प्रश्न राहिला नव्हता, गट पडले होते. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, वाचणारा त्याला आपल्या भीतीचा आवाज देतो.

दोघेच असाल आणि शेजारी-शेजारी असाल अशी जागा बघा. टेकडीवर चालताना किंवा गाडीतून कुठे जाताना बोलणं सोपं जातं. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत बोललं की त्याचा जबाब घेतल्यासारखं होतं. आणि बोलावताना ‘मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय’ असं म्हणून त्याला चार दिवस टांगून ठेवू नका. तेवढ्या काळात तो मनातल्या मनात सगळ्या बचावांची तयारी करून येतो. ‘रविवारी सकाळी टेकडीवर जाऊ’ एवढंच सांगा आणि चढ संपला की बोला.

सुरुवात कशी होते यावर बरंच अवलंबून असतं. जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेअर यांनी 1999 मध्ये 124 नवविवाहित जोडप्यांच्या वादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वादाच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनच पुढे कोणती जोडपी वेगळी होतील याचा अंदाज त्यांना बांधता आला होता. तो अभ्यास नवरा-बायकोंचा, मित्रांचा नव्हे. पण माझ्या खोलीत मित्र-मैत्रिणींमध्येही मी हेच बघत आले आहे. ‘तू नेहमी’ने सुरू झालेलं बोलणं क्वचितच बरं संपतं. ‘नेहमी’ म्हटलं की समोरचा लगेच ‘नेहमी नाही, अमक्या दिवशी मी तुझं कौतुक केलं होतं’ म्हणतो, आणि पुढचा अर्धा तास हिशेब तपासण्यात जातो.

म्हणून एकच प्रसंग घ्या, शेवटचा. तुमच्या बाबतीत मी असं बोलायला सांगेन:

“अरे, तुझ्या लेकीच्या वाढदिवसाला तू पाकिटांवरून बोललास ना, दहा महिन्यांत बुडवेल म्हणून. मी हसलो तेव्हा, पण मला ते लागलं. बायको आणि मेहुणा समोर होते. ते सहा लाख अजून आमच्या घरात दुखतात. बाकी काय खेचायचं ते खेच, पण कॅफेचा विषय नको काढत जाऊ. मी हे तुला सांगतोय कारण तू माझा जवळचा आहेस.”

हे मोठ्याने म्हणून बघा, अर्ध्या मिनिटात संपतं. तेवढंच हवं. ‘मी हसलो तेव्हा’ हे वाक्य गाळू नका. त्याच्या मनात पहिला प्रश्न तोच येणार आहे, आणि तुम्ही स्वतःच ते मान्य केलंत की ‘मग तेव्हा का नाही बोललास?’ या वादाची हवा निघून जाते. बोलून झालं की गप्प बसा. हे गप्प बसणंच जड जातं. शांतता सहन न होऊन माणसं लगेच ‘म्हणजे, एवढं काही नाही रे, सोड’ म्हणतात आणि बोललेलं सगळं स्वतःच पुसून टाकतात. चालत राहा आणि त्याला बोलू द्या.

बहुतेक वेळा पहिलं उत्तर येतं, “अरे गंमत होती रे! एवढं मनावर घेतोस?” यावर गंमत होती की नव्हती हा वाद घालू नका. “तुझ्यासाठी गंमतच होती, माहितीये मला. मला लागली, म्हणून सांगितलं.” दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्याचा हेतू तुम्ही मान्य केलात की त्याला बचाव करत बसायची गरज उरत नाही.

दुसरं उत्तर थोडं अवघड असतं. “तू पण माझ्या टकलावरून बोलतोसच की.” इथे प्रामाणिकपणे विचार करा. बोलत असाल तर म्हणा, “बोलतो. तुला लागत असेल तर सांग, आत्ता बंद करतो.” आणि तो ‘हो, लागतं’ म्हणाला तर खरंच बंद करा, त्याच दिवसापासून. माझ्या अनुभवात बोलणं खरं इथूनच सुरू होतं, कारण पंधरा वर्षांत दोघांनीही एकमेकांना हा प्रश्न विचारलेला नसतो.

तिसरं उत्तर ऐकायला माफीसारखं असतं, पण माफी नसते. “बरं बाबा, सॉरी. आता तुझ्याशी जपूनच बोलायला पाहिजे.” म्हणजे तो रुसला आहे. त्याला समजावत बसू नका आणि ‘तसं नाही रे’ म्हणून मागणीही मागे घेऊ नका. “सगळं जपून नको बोलू, एवढा एकच विषय सोड” असं म्हणा आणि दुसऱ्या गोष्टीवर या. खाली उतरून पोहे खा, चहा घ्या, मॅचवर बोला. सगळं बोलणं मिळून दहा-पंधरा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. नंतरचा नेहमीसारखा तासभर हाच त्याच्यासाठी पुरावा असतो की तुम्ही मैत्री तोडायला आला नव्हता.

रविवार नीट पार पडला तरी खरी कसोटी पुढच्या ग्रुपच्या भेटीत असते. आधीच सांगते, त्या भेटीत तो बहुधा चुकेल, कधी जुन्या सवयीने, तर कधी बघायला की तुम्ही ते खरंच म्हणाला होतात का. आणखीही एक होतं, तो तुमच्या सांगण्याचाच विनोद करतो: “आता साहेबांसमोर कॅफे शब्द काढायचा नाही हं, भावना दुखावतात.” त्या क्षणी तुम्हाला वाटेल की टेकडीवरचं सगळं वाया गेलं. तसं नसतं.

त्या क्षणी हसू नका, आणि चिडूही नका. चेहरा साधा ठेवून, आवाज न चढवता, त्याच्याकडे बघून एवढंच म्हणा, “तो विषय नको.” मग लगेच शेजारच्याला काहीतरी विचारा, त्याच्या मुलाच्या शाळेचं किंवा गावाकडच्या पावसाचं. ‘तो विषय नको’ हे तीन शब्द पुढच्या वेळीही तसेच, त्याच आवाजात. दरवेळी नवं वाक्य शोधायला गेलात की त्यात धार येते आणि धार आली की वाद होतो.

हे का चालतं, तर ‘उद्योगपती’ हा विनोद हसण्यावर जगतो, आणि सर्वांत जास्त तुमच्या हसण्यावर. ज्याच्यावर विनोद केला तोच हसला की बाकीच्यांनाही मोकळेपणाने हसता येतं. तुमचं हसणं थांबलं की त्यांचं अडखळतं. पण एक लक्षात ठेवा. ज्या वागण्याला नेहमी दाद मिळत आली ती अचानक थांबली की ते वागणं कमी व्हायच्या आधी काही वेळा वाढतं. मानसशास्त्रात हे पुष्कळ जुनं निरीक्षण आहे. लिफ्ट आली नाही की आपण बटण सोडून देत नाही, आधी चार वेळा जोरात दाबतो. तसा तोही एक-दोन भेटींत जास्त जोर लावेल. तिथे कंटाळून तुम्ही परत हसलात तर जोर लावला की चालतं हेच तो शिकेल.

तुमच्या बाजूनेही एक गोष्ट पूर्ण बंद व्हायला हवी, ती म्हणजे स्वतःच्या कॅफेवरचे तुमचे स्वतःचे विनोद. तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही, पण मी विचारलं असतं तर बहुधा ‘हो’ म्हणाला असतात. तो बोलायच्या आत आपणच बोलून टाकलं की कमी लागतं, म्हणून माणसं ‘आमच्याकडे तर दिवाळं निघालंय बाबा’ असं आधीच म्हणून ठेवतात. समोरच्याला ते आमंत्रण वाटतं. या विषयावर तुम्ही स्वतः हसवत असाल तर त्याने का हसवू नये, हे त्याला समजावता येणार नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मी लोकांना ‘तूही तशीच परत मार’ असं सांगत असे. मला ते धीटपणाचं वाटायचं. मग एक तरुण आला. त्याने सल्ला मनापासून पाळला होता. मित्राने याच्या नोकरीवरून टोमणा मारला, याने मित्राच्या मूल नसण्यावरून मारला. मस्करीची कुस्करी झाली आणि ते दोघे आजतागायत बोलत नाहीत. दुखावलेला माणूस परत मारतो तेव्हा तो तेवढंच मारत नाही, सगळ्यात दुखरी जागा शोधून मारतो. तेव्हापासून तो सल्ला मी कुणालाही दिलेला नाही.

बाकीच्या तीन मित्रांना आधी सांगून आपल्या बाजूला वळवायचं नाही. त्याला ते कळतंच, आणि मग टेकडीवरचं बोलणं दोघांतलं न राहता त्याच्याविरुद्धचा कट ठरतो. नंतर मात्र, दोन-तीन भेटींतही तो थांबला नाही तर, त्यांच्यातल्या एका शांत माणसाला एवढं सांगायला हरकत नाही, “त्या विषयावर मी त्याला बोललोय. तू हसू नकोस फक्त.” अशा वेळी एका माणसाचं न हसणंही पुरतं.

किती वाट पाहायची? साधारण चार भेटी धरा. त्यांत तो एक-दोनदा चुकला, पण ‘तो विषय नको’ म्हटल्यावर थांबला, तर ते बदलणंच आहे. अर्ध्या वाक्यात अडखळला, विषय वळवला, नंतर फोनवर ‘चुकून निघालं रे’ म्हणाला, हे सगळं जमेत धरा. सवय माणसाच्या तोंडात असते, ती निश्चयाने एका रविवारात जात नाही. उलट, तुम्हाला लागतं हे कळल्यानंतर तो मुद्दाम तोच विषय, मुद्दाम बायकोसमोर काढायला लागला, किंवा दोघेच असतानाही टोचायला लागला, तर त्याला आता माहीत आहे. ‘माहीत नव्हतं’ ही सवलत संपली. जातीवरून, रंगावरून, आजारपणावरून, अपत्य नसण्यावरून होणाऱ्या चेष्टेला तर मी चार भेटींचीही मुदत देणार नाही. तिथे पहिल्याच वेळी, सगळ्यांसमोर, “हे बोलायचं नाही” म्हणावं.

तो मुद्दाम करतोय असं दिसलं तरी मैत्री संपवणं हा एकच मार्ग नसतो. काही माणसं दोघांत असताना सोन्यासारखी असतात आणि चार प्रेक्षक जमले की वेगळीच होतात. दवाखान्यात तीन रात्री तुमच्याबरोबर बसलेला आणि वाढदिवसाला पाकिटांवरून बोललेला माणूस एकच आहे, पण दवाखान्यात प्रेक्षक नव्हते. अशा मित्राला ग्रुपमध्ये कमी भेटावं आणि एकटं जास्त. कुटुंबासह जमायचे कार्यक्रम काही महिने टाळावेत, टेकडी मात्र चालू ठेवावी. त्याने कारण विचारलं तर खरं ते सांगावं, “सगळ्यांसमोर तू थांबत नाहीस, म्हणून मी येत नाही.” हे रागाने न म्हणता माहिती दिल्यासारखं म्हटलं की पुष्कळदा टेकडीवरच्या बोलण्यापेक्षाही आत जातं, कारण आता तुमची रिकामी खुर्ची त्याला दिसत असते.

राहिला बायकोचा प्रश्न. ‘तू काही बोलत का नाहीस’ याला तुम्ही त्या रात्री काय उत्तर दिलंत हे लिहिलं नाही. बुडालेले सहा लाख तिचेही होते, त्यामुळे ते हसणं तिलाही लागलं असणार. टेकडीवर जायच्या आधी तिला सांगा की मी रविवारी त्याच्याशी बोलणार आहे, आणि काय बोलणार आहे तेही सांगा. तिच्यासमोर ते अर्ध्या मिनिटाचं बोलणं एकदा म्हणून बघितलंत तर आणखी चांगलं. ‘ते सहा लाख अजून आमच्या घरात दुखतात’ या वाक्यावर तुमचा आवाज अडकला तर अडकू द्या. तो पहिल्यांदा मित्रासमोर अडकण्यापेक्षा घरात अडकलेला बरा.